पीएन जंक्शन डायोडची कॅरॅक्टरिस्टिक्स: १० मार्काचं उत्तर पूर्ण लिहून दाखवतो

"पीएन जंक्शन डायोडची व्ही-आय कॅरॅक्टरिस्टिक्स आकृतीसह स्पष्ट करा." संभाजीनगर असो नाहीतर नांदेड, बीएस्सीला फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं की हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. आणि लेकरं काय करतात बगा, होल कुठून आलं, इलेक्ट्रॉन कुठं गेला ही गोष्ट दीड-दोन पानं लिहितात, आणि शेवटी जागा उरली तर कोपऱ्यात काडेपेटीएवढा ग्राफ काढतात, त्याला ना स्केल ना नावं. अरे, विचारलंय काय तर कॅरॅक्टरिस्टिक्स, म्हणजे ग्राफच विचारलाय की! बाकी सगळं त्या ग्राफचा आकार तसा का हे सांगण्यापुरतं.

पेपर तपासताना मी सगळ्यात आधी आकृत्या बघतो. सर्किट बरोबर, ग्राफ बरोबर, नावं लिहिलेली, की निम्म्याच्या वर मार्क तिथंच पडतात, मग मजकुरात कारणं आलीत का तेवढं वाचायचं. म्हणून खाली उत्तर तसंच बांधलंय, आणि मधे मधे थांबून कुठं मार्क जातात तेही सांगतो. पेपर इंग्रजीतून लिहीत असाल तरी क्रम हाच ठेवा.

सुरुवात छोटी करायची, पाच-सहा ओळी आणि एक आकृती, बस.

> एकाच क्रिस्टलमधे एक भाग पी-टाइप आणि दुसरा भाग एन-टाइप केला की त्यांच्या सीमेवर पीएन जंक्शन तयार होतं. एन बाजूचे इलेक्ट्रॉन पी बाजूला आणि पी बाजूचे होल एन बाजूला डिफ्यूज होतात आणि जंक्शनजवळ एकमेकांशी रिकॉम्बाइन होतात. त्यामुळे जंक्शनलगत पी बाजूला ऋण आयन आणि एन बाजूला धन आयन उरतात. हे आयन जागचे हलत नाहीत. या पट्ट्यात फिरते चार्ज कॅरिअर जवळपास नसतात म्हणून याला डिप्लीशन लेयर म्हणतात. आयनांमुळे तयार झालेलं इलेक्ट्रिक फील्ड पुढचं डिफ्यूजन अडवतं. या अडथळ्याचं व्होल्टेज म्हणजे बॅरिअर पोटेन्शिअल. सिलिकॉनसाठी ते साधारण ०.७ व्होल्ट आणि जर्मेनियमसाठी साधारण ०.३ व्होल्ट असतं.

इथं एकच चूक वारंवार दिसते, पी बाजू म्हणजे पॉझिटिव्ह असं डोक्यात बसलेलं असतं म्हणून डिप्लीशन लेयरमधे पी बाजूला प्लसची चिन्हं काढतात. उलटं आहे ते. पी बाजूचे होल निघून गेले (खरं तर भरून गेले), मागं राहिले ते ऋण आयन, म्हणजे पी बाजूला मायनस आणि एन बाजूला प्लस. आणि ओरलला एक्स्टर्नलवाले हमखास विचारतात की बॅरिअर जर ०.७ व्होल्ट आहे तर नुसत्या डायोडला मल्टिमीटर लावला तर ०.७ दिसायला पाहिजे, मग शून्य का दिसतं? कारण डायोडच्या दोन्ही टोकांना धातूचे काँटॅक्ट असतात, त्या काँटॅक्टवरही पोटेन्शिअल तयार होतात आणि सगळ्यांची बेरीज शून्य येते. समतोलात बसलेल्या डायोडमधून काही मिळत नसतंय. हे उत्तरात लिहायची गरज नाही, माहीत पाहिजे.

आता सर्किट. दोन वेगळी काढायची, फॉरवर्डचं एक आणि रिव्हर्सचं एक, आणि दोन्हीत व्होल्टमीटरची जागा वेगळी. हा भाग मी जरा सावकाश सांगतो कारण याचं कारण लिहिणारा विद्यार्थी गठ्ठ्यात एखादाच सापडतो.

> फॉरवर्ड बायससाठी सप्लायचं धन टोक पी बाजूला म्हणजे अॅनोडला आणि ऋण टोक एन बाजूला म्हणजे कॅथोडला जोडतात. करंटवर मर्यादा राहावी म्हणून १ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमधे घेतात. करंटसाठी मिलिअँमीटर सिरीजमधे आणि व्होल्टमीटर थेट डायोडच्या दोन टोकांना लावतात. रिव्हर्स बायससाठी सप्लायची टोकं उलटी करतात, मिलिअँमीटरऐवजी मायक्रोअँमीटर घेतात आणि व्होल्टमीटर डायोड आणि मायक्रोअँमीटर या दोघांच्या मिळून टोकांना लावतात. रिव्हर्समधे डायोडचा रेझिस्टन्स व्होल्टमीटरपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून व्होल्टमीटरचा स्वतःचा करंट मायक्रोअँमीटरमधून जाऊ नये यासाठी ही जोडणी करतात.

आता हे आकड्यांत बघा म्हणजे पटेल. समजा सिलिकॉन डायोडवर रिव्हर्स १० व्होल्ट लावलेत आणि त्याचा खरा लीकेज करंट आहे १० नॅनोअँपिअर. व्होल्टमीटर साधा काट्याचा, १० व्होल्टच्या रेंजवर त्याचा रेझिस्टन्स २०० किलोओहम. हा मीटर स्वतःच १० भागिले २०० किलोओहम म्हणजे ५० मायक्रोअँपिअर ओढतो. तुम्ही फॉरवर्डसारखाच व्होल्टमीटर फक्त डायोडला लावला आणि मायक्रोअँमीटर बाहेर ठेवला, तर काटा ५० मायक्रोअँपिअर दाखवणार, आणि तुम्ही जर्नलमधे लिहिणार की लीकेज ५० आहे. खऱ्यापेक्षा ५००० पट! डिजिटल मल्टिमीटर असला तरी सुटका नाही, त्याचा रेझिस्टन्स साधारण १० मेगओहम धरला तरी १ मायक्रोअँपिअर तो घेतोच, म्हणजे लीकेजच्या १०० पट. ही चूक ओळखायची कशी? रीडिंग बघायची. व्होल्टेज दुप्पट केलं की करंटही बरोबर दुप्पट, तिप्पट केलं की तिप्पट असं सरळ रेषेत चाललं असेल तर तुम्ही डायोड नाही, व्होल्टमीटर मोजायलात.

फॉरवर्डमधे मात्र व्होल्टमीटर थेट डायोडलाच ठेवायचा, कारण तिथं डायोडचा रेझिस्टन्स कमी, करंट मिलिअँपिअरमधे, मग मीटरनं चार-दोन मायक्रोअँपिअर खाल्ले तर बिघडत नाही. व्होल्टमीटर दोघांवर मिळून लावला तर उलट मिलिअँमीटरवरचा ड्रॉप डायोडच्या नावावर जमा होतो.

फॉरवर्डची अजून एक गोष्ट. एक्स अक्षावर घ्यायचं ते डायोडवरचं व्होल्टेज, सप्लायचं नव्हे. डायोडमधून ७ मिलिअँपिअर जात असतील तर १ किलोओहमवर ७ व्होल्ट पडतात, डायोडवर ०.७, म्हणजे सप्लाय ७.७ वर असतो. सप्लायचा आकडा एक्स अक्षावर घेतला तर गुडघ्यानंतर ग्राफ उभा जायचा सोडून तिरपा सरळ जातो, आणि ती रेषा डायोडची नसून १ किलोओहमची असते. ग्राफवर फॉरवर्ड व्होल्टेज ५-६ व्होल्टपर्यंत गेलेलं दिसलं की तपासणाऱ्याला लगेच कळतं.

आता ग्राफ. निम्मं पान द्यायचं याला, कंजूषपणा नको. पुरवणी फुकट मिळते.

> (ग्राफ) पहिल्या चतुर्थांशात फॉरवर्ड कॅरॅक्टरिस्टिक: एक्स अक्षावर फॉरवर्ड व्होल्टेज व्होल्टमधे, वाय अक्षावर फॉरवर्ड करंट मिलिअँपिअरमधे. तिसऱ्या चतुर्थांशात रिव्हर्स कॅरॅक्टरिस्टिक: एक्स अक्षावर रिव्हर्स व्होल्टेज व्होल्टमधे, वाय अक्षावर रिव्हर्स करंट मायक्रोअँपिअरमधे. खुणा: नी व्होल्टेज, रिव्हर्स सॅच्युरेशन करंट, ब्रेकडाउन व्होल्टेज.

चारही अक्षांची स्केल वेगळी असते. फॉरवर्डला एक घर ०.१ व्होल्ट, तर रिव्हर्सला एक घर ५ नाहीतर १० व्होल्ट. वर मिलिअँपिअर, खाली मायक्रोअँपिअर. हे अक्षावर लिहिलं नाही तर ग्राफ खोटाच ठरतो, कारण एकाच स्केलवर रिव्हर्स करंट दिसायलाच नको, तो अक्षाला चिकटलेला राहील. दुसरं म्हणजे गुडघा गोल काढा. ०.७ पर्यंत आडवी रेषा आणि तिथून काटकोनात उभी, असा ग्राफ बरेच जण काढतात, ते आयडियल मॉडेल झालं, ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

यानंतर स्पष्टीकरण, आणि ते ग्राफच्या एकेका तुकड्याला धरून.

> फॉरवर्ड बायस: बाहेरचं व्होल्टेज बॅरिअरच्या विरुद्ध असल्यामुळे बॅरिअर कमी होतं आणि डिप्लीशन लेयर अरुंद होतो. सुरुवातीला व्होल्टेज कमी असताना फार थोडे मेजॉरिटी कॅरिअर बॅरिअर ओलांडू शकतात, म्हणून करंट जवळपास शून्य दिसतो. व्होल्टेज वाढत जातं तसे ओलांडणारे कॅरिअर एक्स्पोनेन्शिअल प्रमाणात वाढतात. ज्या व्होल्टेजनंतर करंट झपाट्याने वाढायला लागतो त्याला नी व्होल्टेज किंवा कट-इन व्होल्टेज म्हणतात. सिलिकॉनसाठी ते साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट, जर्मेनियमसाठी ०.२ ते ०.३ व्होल्ट असतं.
>
> रिव्हर्स बायस: बाहेरचं व्होल्टेज बॅरिअरच्या दिशेनंच असल्यामुळे बॅरिअर वाढतं आणि डिप्लीशन लेयर रुंद होतो. मेजॉरिटी कॅरिअर जंक्शन ओलांडू शकत नाहीत. पण उष्णतेमुळे तयार झालेल्या मायनॉरिटी कॅरिअरना हेच फील्ड पलीकडे ओढून नेतं, म्हणून अगदी थोडा करंट वाहतो. व्होल्टेज वाढवलं तरी तो जवळपास स्थिर राहतो, म्हणून त्याला रिव्हर्स सॅच्युरेशन करंट म्हणतात. तो व्होल्टेजपेक्षा तापमानावर अवलंबून असतो.

व्होल्टेज वाढवलं तरी रिव्हर्स करंट का वाढत नाही, हे लेकरांना पटत नाही. उन्हाळ्यात गावात टँकर येतो, घागरी दहा लावा की शंभर, पाणी टँकरमधे जेवढं आलंय तेवढंच. मायनॉरिटी कॅरिअर उष्णतेनं दर सेकंदाला ठरावीकच तयार होतात आणि जंक्शनपाशी आले की थोडंसं फील्डही त्यांना सगळ्यांना ओढून न्यायला पुरतं, मग फील्ड वाढवून अजून आणायचे कुठून? खऱ्या सिलिकॉन डायोडमधे करंट किंचित वाढत जातो खरा, कारण रुंद होणाऱ्या डिप्लीशन लेयरमधेही थोडे कॅरिअर तयार होतात आणि पृष्ठभागावरून थोडं लीकेज होतं, पण ग्राफवर ती रेषा अगदी हलकी कललेली दाखवली तरी पुरे.

मग समीकरण. हे लिहिलं नाही तर १० पैकी १० कोणी देणार नाही.

```
I = I0 [ e^(V / (η VT)) − 1 ]
VT = kT/q = T/11600 ≈ 26 mV (T = 300 K)
```

> इथे I0 म्हणजे रिव्हर्स सॅच्युरेशन करंट, VT म्हणजे तापमानाचं समतुल्य व्होल्टेज आणि η हा डायोडच्या मटेरिअलवर अवलंबून असलेला स्थिरांक (जर्मेनियमसाठी १, सिलिकॉनसाठी कमी करंटला साधारण २). V धन आणि मोठं असेल तर १ नगण्य ठरतो आणि करंट एक्स्पोनेन्शिअल वाढतो. V ऋण आणि मोठं असेल तर एक्स्पोनेन्शिअल पद शून्याजवळ जातं आणि I = −I0 मिळतो.

शेवटची दोन वाक्यं विसरू नका, त्यांनीच समीकरण ग्राफला जोडलं जातं. नुसतं समीकरण लिहून सोडलं तर ते पाठांतर वाटतं.

आणि एकदा घरी बसून आकडे घालून बघाच. सिलिकॉन, η २, म्हणजे खाली ५२ मिलिव्होल्ट. I0 धरू १० नॅनोअँपिअर. ०.३ व्होल्टला करंट येतो ३.२ मायक्रोअँपिअर, ०.५ ला ०.१५ मिलिअँपिअर, ०.६ ला १.०३ मिलिअँपिअर आणि ०.७ ला ७.०२ मिलिअँपिअर. दर ०.१ व्होल्टला करंट ६.८ पट होतोय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच पट. म्हणजे ०.६ ला कुठलं दार धाडकन उघडत नाही, आपली मिलिअँपिअरची स्केल आहे म्हणून आधीचं दिसत नाही आणि तिथं गुडघा दिसतो. मायक्रोअँपिअरच्या स्केलवर काढला तर गुडघा डावीकडं सरकेल. म्हणून नी व्होल्टेजला पक्का एक आकडा नसतो, "साधारण" हा शब्द लावायचाच. रिव्हर्सलाही बघा, उणे ०.१ व्होल्टला ८.५ नॅनोअँपिअर, उणे ०.२ ला ९.८, की संपलं, पुढं १० व्होल्ट लावा तरी १०.

याच आकड्यांवरून रेझिस्टन्सचा भाग लिहिता येतो.

> स्टॅटिक रेझिस्टन्स म्हणजे एखाद्या बिंदूवरचा V/I. डायनॅमिक रेझिस्टन्स म्हणजे त्या बिंदूवरचा ΔV/ΔI, म्हणजे ग्राफच्या स्लोपचा व्यस्त. समीकरणावरून तो ηVT/I इतका येतो. उदाहरणार्थ सिलिकॉन डायोडला ०.७ व्होल्टवर ७.०२ मिलिअँपिअर असेल तर स्टॅटिक रेझिस्टन्स जवळपास १०० ओहम आणि डायनॅमिक रेझिस्टन्स ५२ भागिले ७.०२ म्हणजे ७.४ ओहम.

प्रॅक्टिकलला ग्राफवरून डायनॅमिक रेझिस्टन्स काढताना त्रिकोण मोठा घेऊ नका. वरच्याच रीडिंगवरून ०.६ ते ०.७ असा अख्खा त्रिकोण घेतला तर ०.१ व्होल्ट भागिले ५.९९ मिलिअँपिअर, म्हणजे १६.७ ओहम येतात, आणि ०.७ ला खरं उत्तर ७.४. सरळ रेषेला मोठा त्रिकोण चांगला असतो, वक्राला नाही. बिंदूवर टँजंट काढा आणि त्याचा त्रिकोण घ्या.

तापमान दोन ओळींत उरकायचं, पण सोडायचं नाही. रिव्हर्स सॅच्युरेशन करंट दर १० अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो, आणि करंट तेवढाच ठेवला तर फॉरवर्ड व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टनं कमी होतं. जानेवारीत २५ अंशाला घेतलेला I0 १० नॅनोअँपिअर असेल तर मे महिन्यात परभणीच्या लॅबमधे ४५ अंशाला तोच ४० होतो, आणि गुडघा ४० मिलिव्होल्ट डावीकडं सरकतो. मित्राच्या जर्नलमधली रीडिंग तुमच्याशी जुळत नाहीत त्याचं हेही एक कारण असतं, दरवेळी मीटरलाच शिव्या द्यायची गरज नाही.

राहिलं ब्रेकडाउन.

> रिव्हर्स व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे गेलं की रिव्हर्स करंट एकदम वाढतो. या व्होल्टेजला ब्रेकडाउन व्होल्टेज म्हणतात. कमी डोपिंगच्या जंक्शनमधे फील्डमुळे वेग घेतलेले कॅरिअर क्रिस्टलच्या अणूंवर आदळून नवीन इलेक्ट्रॉन-होल जोड्या तयार करतात, त्या पुन्हा आदळतात, हे अॅव्हलांश ब्रेकडाउन. जास्त डोपिंगच्या अरुंद जंक्शनमधे तीव्र फील्डमुळे बंध थेट तुटतात, हे झेनर ब्रेकडाउन. साध्या डायोडमधून अशा वेळी करंटवर मर्यादा नसेल तर तो तापून खराब होतो.

थिअरीत हे ठीक. पण प्रॅक्टिकलच्या पेपरात काही जण 1N4007 ची रीडिंग देतात आणि २५-३० व्होल्टला करंट उसळलेला दाखवतात, पुस्तकातल्या ग्राफसारखा दिसावा म्हणून. 1N4007 चं रेटिंग आहे १००० व्होल्ट. लॅबचा ३० व्होल्टचा सप्लाय त्याचं काही वाकडं करू शकत नाही, आणि त्याचा लीकेज इतका कमी की काट्याचा मायक्रोअँमीटर बहुतेक शून्यावरच बसतो. शून्य आलं तर शून्यच लिहा, खाली एक ओळ टाका की करंट मीटरच्या मोजमापाखाली आहे. रिव्हर्स करंट डोळ्यांनी बघायचाच असेल तर जर्मेनियम डायोड घ्यायचा, त्यात तो मायक्रोअँपिअरमधे मिळतो, आणि ब्रेकडाउन बघायचं असेल तर झेनर लावायचा.

हाच प्रश्न ५ मार्काला आला तर डिप्लीशन लेयरची कहाणी दोन ओळींवर आणा, रेझिस्टन्स आणि तापमान सोडून द्या, ब्रेकडाउन ग्राफवर नुसता दाखवा. दोन्ही सर्किट, अक्षांवर स्केल लिहिलेला ग्राफ आणि समीकरण एवढं मात्र ठेवा.